रात्री तीनला फोन कोणाला?

अल्बर्ट वू अमेरिकेत निवासी डॉक्टर होते, तेव्हा त्यांच्या बरोबरच्या एका निवासी डॉक्टरकडून ईसीजी वाचताना चूक झाली. हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव साचून हृदयावर दाब येत असल्याच्या खुणा त्या आलेखात होत्या. त्या ध्यानात आल्या नाहीत आणि रुग्णाला रात्री उशिरा घाईघाईने शस्त्रक्रियेसाठी न्यावं लागलं. बातमी वाऱ्यासारखी पसरली. बरोबरच्या डॉक्टरांनी त्या केसचा पुन्हा पुन्हा पंचनामा केला आणि त्या सहकाऱ्याला नालायक ठरवून टाकलं. त्या रात्री त्याच्यावर काय गुजरली असेल, हे कोणी विचारलं नाही.

पुढे वू जॉन्स हॉपकिन्समध्ये पोहोचले आणि २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ही आठवण लिहिली. वैद्यकीय चुकीचा पहिला बळी रुग्ण, पण त्या चुकीखाली चिरडला जाणारा डॉक्टर हा दुसरा बळी, अशी त्यांची मांडणी होती. त्या लेखातून पुढे जगभर बरंच काम उभं राहिलं. पण निवासी डॉक्टरांसाठी सहकाऱ्यांचा आधारगट उभारू पाहणाऱ्याने त्यातली एक अडचणीची गोष्ट आधी पाहायला हवी. त्या रात्री निवाडा करणारेही सहकारीच होते. आधार द्यायला ज्यांच्याकडे जायचं, चर्चा करून बदनाम करणारेही तेच. असा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी या एकाच खडकावर आपटतो.

मग सहकारीच कशाला? मानसोपचारतज्ज्ञ का नाहीत? कारण डॉक्टर तिकडे जात नाहीत. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील डॉक्टरांना, अवघड प्रसंगानंतर तुम्ही आधार कोणाकडे मागाल, असं विचारण्यात आलं होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ८८ टक्के डॉक्टरांनी ‘डॉक्टर सहकारी’ असं उत्तर दिलं. मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञांचं नाव घेणारे ४८ टक्केच होते. आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे. वैद्यकीय महाविद्यालयातला मानसोपचार विभाग म्हणजे निवासी डॉक्टरच्या ओळखीचे शिक्षक, वसतिगृहातले शेजारी आणि बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर नाव घालून निघणारा केसपेपर.

बर्नआउट हा शब्द आता कोणत्याही कंटाळ्याला लावला जातो, म्हणून त्याचा अर्थ पक्का केलेला बरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली, तेव्हा तो आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, असं स्पष्ट म्हटलं. तिची लक्षणं तीन. शरीर-मन पिळून निघाल्यासारखा थकवा, कामाविषयी आणि माणसांविषयी आलेला तुटकपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. वॉर्डात यातलं दुसरं लक्षण आधी दिसतं. रुग्णाचं नाव जाऊन तो ‘चौदा नंबर’ होतो, नातेवाइकांच्या प्रश्नाला उत्तराऐवजी खेकसणं मिळतं, आणि चार महिन्यांपूर्वी असं नव्हतं हे त्या डॉक्टरला स्वतःलाही आठवत नाही.

याच्या मुळाशी कामाचे तास आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तास ही मर्यादा लिहिलेली होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ च्या अहवालात शिफारस केली ती ७४ तासांची. एक चोवीस तासांची ड्यूटी, दहा-दहा तासांचे पाच दिवस आणि एक सुट्टी. म्हणजे बत्तीस वर्षांनी सुधारणा म्हणून जो आकडा पुढे आला, तो जुन्या मर्यादेहून २६ तासांनी मोठा आहे, आणि अनेक विभागांना तोही स्वप्नवत वाटतो. याच कृतिदलाच्या ऑनलाइन पाहणीत पाच हजारांवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भाग घेतला आणि त्यांतल्या जवळजवळ ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. ज्यांना सांगायचं होतं त्यांनीच ती भरली असेल, म्हणून हा आकडा सगळ्या निवासी डॉक्टरांना लावता येणार नाही. पण ‘आपल्याकडे तसं काही नाही’ म्हणणाऱ्या अधिष्ठात्यांची झोप उडायला तेवढा पुरे.

सहकाऱ्यांचा आधारगट ड्यूटीचे तास कमी करू शकत नाही. एखादा रुग्ण दगावल्यावर, चूक झाल्यावर, सगळ्यांसमोर अपमान झाल्यावर किंवा सलग दोन रात्री जागल्यावर माणूस ज्या कडेला येतो, तिथे त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचणं, हे त्याचं काम. अशा प्रसंगांनी थकव्याचं रूपांतर खचण्यात होतं, म्हणून बर्नआउटशी त्याचा संबंध. याहून मोठं आश्वासन दिलं तर वर्षभरात तोंडघशी पडण्याची खात्री.

जॉन्स हॉपकिन्सचा अनुभव इथे उपयोगी आहे. वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिथे ‘राइज’ नावाचा गट सुरू केला. रुग्णालयातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी चोवीस तास फोनवर उपलब्ध राहायचं आणि बोलावलं की जाऊन भेटायचं, ही पद्धत. पहिल्या ५२ महिन्यांत ११९ फोन आले, असं त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. एवढ्या अवाढव्य रुग्णालयात महिन्याला दोन-तीन! सुरुवातीला तर त्याहून कमी, आणि फोन करणाऱ्यांत परिचारिका जास्त, डॉक्टर कमी. आपल्याकडे एखादा उपक्रम तीन महिन्यांत ‘प्रतिसाद नाही’ म्हणून गुंडाळला जातो, त्या हिशेबाने ‘राइज’ कधीच बंद पडला असता. तो टिकला, कारण कमी फोन म्हणजे गरज नाही असा अर्थ चालकांनी काढला नाही. विश्वास बसायला वेळ लागतो, एवढाच त्यांनी त्याचा अर्थ घेतला.

आता हेच महाराष्ट्रातल्या एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात उभारायचं झालं तर कसं? समजा, तिथे तिन्ही वर्षांचे मिळून ३०० निवासी डॉक्टर आहेत. पंधरांमागे एक धरला तर वीस साथी लागतील. ते निवडायचे कोणी, हा पहिला प्रश्न, आणि तिथेच बहुतेकांचा पाय घसरतो. विभागप्रमुखांना नावं विचारली तर प्रत्येक जण आपला आज्ञाधारक विद्यार्थी पाठवतो. त्या विद्यार्थ्याकडे मग कोणी फिरकत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की तो सरांचा माणूस. त्याऐवजी सगळ्या निवासी डॉक्टरांना चिठ्ठीवर एकच प्रश्न विचारावा : रात्री तीन वाजता काही बिनसलं तर या संस्थेत तुम्ही कोणाशी बोलाल? तीन नावं लिहा, स्वतःचं लिहू नका. ज्यांची नावं वारंवार येतात त्यांना विचारावं, आणि नको म्हणणाऱ्यांना आग्रह करू नये.

त्या यादीवर मग थोडी कात्री चालवावी लागते. पहिल्या वर्षाचे, म्हणजे जेआर-वन, निदान सहा महिने त्यात नकोत. त्यांना स्वतःलाच श्वास घ्यायला फुरसत नसते. अंतिम परीक्षेला बसणाऱ्यांना आधीच्या तीन महिन्यांत मोकळं ठेवायचं. स्त्रिया पुरेशा हव्यात. अखिल भारतीय कोट्यातून आलेले, मराठी न येणारेही हवेत, कारण केरळहून आलेला मुलगा मोडक्या हिंदीत रडू शकत नाही. आणि सामाजिक पार्श्वभूमीचं मिश्रण हवं. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयातील दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि खटला उभा राहिला. त्यानंतर तरी ‘सीनियर म्हणजे मोठं भावंड’ असं गृहीत धरून आधारगट बांधता येणार नाही. ज्याच्यापासून त्रास होतो, तोच साथी म्हणून समोर बसला तर?

म्हणून नियम असा, की साथी कधीही त्याच विभागाचा नसावा. स्त्रीरोग विभागातल्या डॉक्टरला अस्थिरोग किंवा त्वचारोग विभागातला साथी. वीसही जणांची यादी, फोन नंबर आणि विभागासह, प्रत्येकाला दिलेली असावी. मदत मागणाऱ्याने स्वतः निवडावं. दर आठवड्याला दोघे ‘ऑन कॉल’, एक पहिला आणि एक राखीव. फोन रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून जाता कामा नये, कारण तिथला ऑपरेटर सगळ्यांचे आवाज ओळखतो.

प्रशिक्षणाला एक पूर्ण दिवस आणि नंतर महिन्याला एक तास लागतो. हॉपकिन्समधले जॉर्ज एव्हर्ली यांनी बसवलेली मानसिक प्रथमोपचाराची पद्धत ‘राइज’मध्ये शिकवली जाते. आधी ऐकायचं आणि ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. मग गरज किती तातडीची आहे ते जोखायचं. आत्ता काय आधी करायला हवं ते ठरवायचं. तेवढी मदत करायची. आणि पुढे कोणाकडे सोपवायचं की नाही ते पाहायचं. डॉक्टरांना यातली पहिली पायरी सर्वांत जड जाते. निदान करून औषध लिहिण्याची सवय लागलेला माणूस समोरच्याचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत सल्ला देऊन मोकळा होतो. त्यामुळे प्रशिक्षणाचा बराचसा वेळ गप्प बसण्याच्या सरावात जातो.

हे प्रत्यक्षात कसं दिसेल, ते एका कल्पित प्रसंगातून पाहू. स्त्रीरोग विभागातली दुसऱ्या वर्षाची डॉक्टर. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने पहाटे तीनच्या सुमाराला एक रुग्ण दगावली. रक्त यायला उशीर झाला होता, पण वॉर्डात सगळ्यांच्या नजरा हिच्यावर. नातेवाईक ओरडत होते. सकाळच्या राउंडला सरांनी सगळ्यांसमोर झापलं. दुपारी ती यादीतला एक नंबर लावते. पलीकडे अस्थिरोग विभागातला तिसऱ्या वर्षाचा साथी. नियम असा, की अर्ध्या तासात परत फोन आणि बारा तासांत प्रत्यक्ष भेट. ते ग्रंथालयामागच्या कट्ट्यावर भेटतात, कारण वसतिगृहाच्या खोलीत तिची रूममेट असते.

‘सर, तुमचा वेळ घेते,’ ती म्हणते.

‘आत्ता सर नको म्हणूस. आधी एक सांगतो, ते ऐकून मग बोल. तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. मी काही लिहून ठेवणार नाही. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला आत्ता धोका आहे असं वाटलं, तर मी एका माणसाला सांगेन, आणि तेही तुला सांगून. आणि केसमध्ये काय झालं, कोणी काय दिलं, किती वाजता दिलं, ते मला नको. तुला काय होतंय ते सांग.’

शेवटचं वाक्य सहृदयतेपोटी आलं आहे असं वाटेल, पण त्यामागे कायदा आहे. मातामृत्यूची चौकशी रुग्णालयाला करावीच लागते, आणि प्रकरण पुढे न्यायालयातही जाऊ शकतं. भारतीय कायद्यात वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला जसं संरक्षण आहे, तसं दोन सहकारी डॉक्टरांच्या गप्पांना नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, कलम २३ मध्ये, उपचार घेणाऱ्याच्या माहितीला गोपनीयता देतो, पण ती उपचार करणाऱ्यांवरची जबाबदारी आहे. साथी उपचार करत नसतो. उद्या त्याला साक्षीला बोलावलं तर ‘मला सांगितलेलं गुप्त आहे’ असं म्हणून त्याची सुटका होईलच, असं नाही. त्यामुळे घटनेचा तपशील त्याच्याकडे जाऊच द्यायचा नाही, ही साधी युक्ती. चौकशी करणारे चौकशी करतील; साथी त्या समितीवर कधीही नसेल.

मग तो काय विचारतो? शेवटची कधी झोपलीस. काही खाल्लंस का. आज रात्री ड्यूटी आहे का, आणि ती बदलायची तर कोणाला विचारावं लागेल. घरी कोणाला कळलंय. आणि जिथे शंका वाटेल तिथे सरळ : ‘जगू नये असं मनात येतंय का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती जुनी आहे आणि संशोधनात तिला आधार सापडलेला नाही. उलट आडवळणाने विचारलं की उत्तरही आडवळणाचं येतं. या प्रसंगात ती म्हणते, तसं नाही, पण उद्या वॉर्डात पाय ठेववणार नाही. मग दोघं मिळून ठरवतात की ती आज झोपेल, साथी उद्या सकाळी राउंडच्या आधी फोन करेल, आणि आठवड्याने पुन्हा एकदा भेटतील. तीन भेटींनंतरही खिन्नता तशीच राहिली, तर तज्ज्ञाकडे. एवढंच. नाट्य काही नाही.

तो तज्ज्ञ कोण, हे आधीच ठरलेलं हवं, आणि तो त्याच महाविद्यालयाचा नसावा. शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयातले एक किंवा दोन मानसोपचारतज्ज्ञ, ज्यांच्याशी संस्थेने लेखी करार केला आहे, ज्यांचं बिल संस्था भरते पण बिलावर नाव नसतं, फक्त भेटींची संख्या. रात्री-बेरात्री सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा, १४४१६, हा दुसरा दरवाजा.

गुप्ततेचे नियम एका पानात मावायला हवेत आणि ते निवासी डॉक्टरांनी स्वतः वाचून मान्य केलेले हवेत. मध्यवर्ती नियम असा, की मदत मागणाऱ्याच्या नावाची नोंद कुठेच राहत नाही. साथी प्रत्येक भेटीनंतर एक छोटं कार्ड भरतो. त्यावर महिना, भेट किती मिनिटं चालली आणि कारण चारपैकी कोणतं (रुग्णाचा मृत्यू किंवा चूक, कामाचा भार, माणसांचा जाच, वैयक्तिक) एवढंच. विभाग नाही, वर्ष नाही, स्त्री-पुरुष नाही. हे जरा अति वाटेल. पण भूलशास्त्र विभागात दुसऱ्या वर्षाला जर दोनच मुली असतील, तर ‘भूलशास्त्र, दुसरं वर्ष, स्त्री’ हे जवळजवळ नावच आहे. म्हणूनच साथींच्या मासिक बैठकीतही ‘माझ्याकडे एक केस आली’ असं सुरू करायचं नाही. ‘मला ऐकताना काय जड गेलं’ इथून सुरुवात करायची. साथीलाही कोणीतरी लागतो. ‘राइज’मध्ये म्हणूनच प्रत्येक भेटीनंतर साथीची विचारपूस होते.

व्हॉट्सॲप पूर्ण बंद. भेटीची वेळ ठरवण्यापुरता संदेश चालेल, मजकूर नाही. स्क्रीनशॉट हा आजच्या वसतिगृहातला सर्वांत कार्यक्षम वार्ताहर आहे.

कोणाला कळणार नाही, याची यादी नावानिशी लिहावी : युनिटप्रमुख, विभागप्रमुख, अधिष्ठाता, वॉर्डन, आई-वडील. ‘मुलाच्या भल्यासाठी’ घरी फोन करणारे वॉर्डन सगळीकडे असतात, म्हणून शेवटचं नाव गाळू नये. अपवाद फक्त तीन. स्वतःच्या जिवाला तातडीचा धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, आणि आत्ता ड्यूटीवर असलेला डॉक्टर रुग्ण सांभाळण्याच्या अवस्थेत नसणं, म्हणजे उदाहरणार्थ नशेत असणं. अशा वेळी साथी त्या व्यक्तीला एकटं सोडत नाही, तिच्यासमोरच ठरलेल्या तज्ज्ञाला फोन करतो आणि गरजेपुरतंच सांगतो. तिसऱ्या अपवादात वरिष्ठाला कळवावं लागतं, पण निरोप एवढाच जातो की अमुक डॉक्टर आज काम करू शकत नाही, बदली द्या. कारण जात नाही.

रॅगिंग आणि लैंगिक छळ हा या पानावरचा सर्वांत अवघड परिच्छेद. दोन्हींसाठी कायद्याने ठरवून दिलेल्या समित्या आहेत आणि संस्थेला तक्रार दडपता येत नाही. पण साथीने प्रत्येक गोष्ट परस्पर समितीकडे नेली, तर दुसऱ्या दिवसापासून कोणी त्याच्याकडे येणार नाही. व्यवहार्य तोडगा हा, की साथी तक्रारीचा रस्ता दाखवतो, हवं तर समितीच्या दारापर्यंत सोबत जातो, पण तक्रार त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय करत नाही. जिवाला धोका असेल तर वरचे अपवाद लागू. आणि साथी समितीचा सदस्य असू शकत नाही. ही रेघ कार्यक्रम सुरू होण्याआधी संस्थेच्या कायदा सल्लागाराकडून तपासून घ्यावी, प्रसंग आल्यावर नाही.

इतकी गुप्तता पाळली तर मग कार्यक्रमाचा उपयोग झाला की नाही, हे मोजायचं कसं? नावच नाही, तर कोण सुधारलं हे कसं कळणार? बहुतेक संस्था इथे दोन टोकांना जातात. एक तर काही मोजत नाहीत आणि वर्षाखेरीला छायाचित्रांसह अहवाल काढतात. नाहीतर प्रत्येकाकडून नाव-क्रमांक लिहिलेला अर्ज भरून घेतात, आणि मग सगळे अगदी सुखी असल्याचं निष्पन्न होतं.

बर्नआउट मोजायला सर्वांत गाजलेली मोजपट्टी म्हणजे क्रिस्टिना मॅस्लॅक यांची १९८१ ची, २२ विधानांची. ती विकत घ्यावी लागते. कोपनहेगनची १९ प्रश्नांची मोजपट्टी मोफत आहे आणि अशा कामाला पुरते. तिचे तीन भाग आहेत : स्वतःचा थकवा, कामामुळे आलेला थकवा आणि रुग्णांशी वागताना येणारा थकवा. प्रत्येक उत्तराला शून्य ते शंभर, पंचवीसच्या टप्प्याने गुण. पहिल्या भागातल्या सहा प्रश्नांना कोणाचे ७५, ७५, ५०, १००, ५०, ७५ आले, तर बेरीज ४२५ आणि सरासरी जवळजवळ ७१. पन्नासच्या वर गेलं की थकवा लक्षणीय, असं सर्वसाधारणपणे धरतात. गट सुरू होण्याआधी एकदा, मग सहा आणि बारा महिन्यांनी, असं तीनदा हे भरून घ्यायचं. कागदावर, नाव न लिहिता, पेटीत.

पण इथे एक साधं गणित आहे, ते न करता निकाल वाचला तर फसगत ठरलेली. समजा, ३०० पैकी ३० जणांनी वर्षभरात साथीची मदत घेतली, आणि त्या प्रत्येकाचे गुण तब्बल दहाने उतरले. सगळ्यांची सरासरी किती उतरेल? तीस गुणिले दहा भागिले तीनशे, म्हणजे एक. एका गुणाचा फरक डेंग्यूची साथ आली किंवा परीक्षा पुढे ढकलली तरी पडतो. म्हणजे कार्यक्रमाने त्या तीस जणांना खरोखर सावरलं असलं, तरी सर्वांच्या सरासरीत त्याचा मागमूस दिसणार नाही. उलट, सरासरी पाच-सहाने उतरली तर श्रेय साथींना देण्याआधी त्या वर्षात किती नव्या जागा भरल्या, ते पाहावं.

म्हणून सर्वांची पाहणी ही संस्थेचा ताप मोजण्यासाठी, आणि कार्यक्रमाचा उपयोग मोजायला वेगळं साधन. शेवटच्या भेटीनंतर साथी एक कोरं कार्ड देतो, त्यावर तीन प्रश्न : बोलून हलकं वाटलं का, पुन्हा गरज पडली तर याल का, मित्राला सुचवाल का. भरायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि पेटीत टाकायचं. शिवाय सर्वांच्या पाहणीत दोन प्रश्न जास्तीचे. गरज पडली तर साथीला फोन कराल का? आणि, गटात बोललेली गोष्ट बाहेर फुटल्याचं तुमच्या कानावर आलं आहे का? या दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे मूठभर जरी निघाले, तरी बाकी आकड्यांकडे पाहण्याआधी ते काय आहे याचा छडा लावायला हवा. अफवा असली तरी परिणाम तोच.

तुलना अधिक भक्कम करायची तर विभागांना एकदम न घेता चिठ्ठ्या टाकून तीन टप्प्यांत घ्यावं. पहिल्या चार महिन्यांत एक तृतीयांश विभाग, मग पुढचे, मग उरलेले. आणि अशा संस्थेने आपली पाहणीही दर टप्प्याआधी, चार-चार महिन्यांनी घ्यावी. एकाच पावसाळ्यात काही विभागांत साथी आहेत आणि काहींत अजून नाहीत, असं चित्र मिळतं आणि ऋतूचा, परीक्षेचा परिणाम दोन्हीकडे सारखाच धरता येतो. यासाठी कागदावर विभागांचे फक्त तीन मोठे गट लिहायचे, एकेकटे विभाग नाहीत.

आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न निनावी कागदावर घालू नये. ‘हो’ अशी खूण केलेला कागद पेटीतून निघाला, तर तो कोणाचा हे शोधता येत नाही, आणि शोधायला गेलं तर दिलेला शब्द मोडतो. त्या कागदाच्या तळाला साथींची यादी आणि १४४१६ हा नंबर छापणं, एवढंच हातात राहतं. तसंच आत्महत्यांची संख्या हे कार्यक्रमाचं माप नव्हे. एका संस्थेत ती सुदैवाने इतकी कमी असते की त्यावरून यश किंवा अपयश ठरवणं शास्त्राला धरून नाही.

या सगळ्याची मर्यादाही संशोधनाने दाखवून दिली आहे. २०१७ साली डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचे एकोणीस अभ्यास एकत्र करून तपासले गेले. फायदा होतो, पण लहान, आणि व्यक्तीला खंबीर करण्यापेक्षा संस्थेच्या कामाच्या पद्धतीत बदल केला तिथे जास्त, असं त्यातून निघालं. मेयो क्लिनिकने ७४ डॉक्टरांवर केलेल्या प्रयोगात काहींना नऊ महिने दर पंधरवड्याला एक तास, पगारी वेळेत, छोट्या गटात बसून बोलायला दिलं. रुग्णांविषयीचा तुटकपणा कमी झाला आणि तो परिणाम वर्षभरानंतरही टिकला. त्यातला ‘पगारी वेळेत’ हा तपशील आपल्याकडे नेमका गळतो. साथीचं काम जर पोस्ट-ड्यूटीच्या झोपेतून चोरून करायचं असेल, तर सहा महिन्यांत साथीच बर्नआउटच्या यादीत येतील. आठवड्याला चार तास, ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेले, वीस जणांपैकी त्या आठवड्यातल्या दोघांसाठी. संस्थेकडून मागायचं ते एवढंच, आणि तेवढंही मिळत नसेल तर सुरुवात करू नये.

अधिष्ठात्यांना तीन महिन्यांनी एक पानाचा अहवाल जातो. त्यात किती भेटी झाल्या आणि चार कारणांपैकी कोणतं किती वेळा आलं, एवढे आकडे. एखाद्या कारणाची संख्या पाचपेक्षा कमी असेल तर आकड्याऐवजी ‘पाचपेक्षा कमी’ असं लिहायचं. खाली साथींनी मिळून लिहिलेली दोन-तीन वाक्यं, पण तीही निरनिराळ्या विभागांतल्या निदान पाच जणांकडून तीच गोष्ट ऐकली असेल तरच. रात्री अकरानंतर आवारात खायला काही मिळत नाही. महिला डॉक्टरांच्या ड्यूटी रूमची कडी मोडली आहे. रक्तपेढीतून पिशवी आणायला रात्री मामा नसतो, म्हणून डॉक्टरच वॉर्ड सोडून धावतो. पुढच्या अहवालाबरोबर मागच्या वाक्यांवर काय कारवाई झाली, याचा एक रकाना जोडलेला असतो, आणि तो निवासी डॉक्टरांच्या फलकावर लागतो.